वडिलांच्या मृत्युपत्राचे प्रोबेट बारा वर्षांत कोणीच घेतले नाही

स. न. वि. वि.
माझे वडील ऑगस्ट २०१४ मध्ये दादरच्या राहत्या घरी वारले. २००९ मध्ये त्यांनी मुंबईतच मृत्युपत्र केले होते. ते नोंदवलेले नाही. त्यात दादरची सदनिका मला, रत्नागिरी जिल्ह्यातील गावची कलमांची बाग धाकट्या भावाला आणि बँकेतील ठेवी आईला दिल्या आहेत. एक्झिक्युटर म्हणून नेमलेले वडिलांचे मित्र हयात नाहीत. साक्षीदारांपैकी आमचे डॉक्टर वारले; दुसरे, आमचे शेजारी, ८१ वर्षांचे असून पुण्याला मुलाकडे असतात. सोसायटीत आई नॉमिनी होती, तीही २०१८ मध्ये गेली. बाग २०१५ मध्येच एकट्या भावाच्या नावावर झाली. तेव्हा मी कसल्याशा कागदावर सही केल्याचे आठवते. सदनिकेत मी राहते, मेंटेनन्स भरते, पण नावासाठी काही केले नाही. आता इमारत पुनर्विकासाला जाते आहे आणि विकासक प्रोबेट मागतो. भाऊ म्हणतो, प्रोबेट न घेतल्याने मृत्युपत्र रद्द झाले, अर्धी जागा माझी. कोणी म्हणते प्रोबेटचा कायदाच गेला, तर कोणी म्हणते जागा सरकारजमा होईल. यातले खरे काय?
— एक वाचक, दादर

सप्रेम नमस्कार,

सरकारजमा होण्याची भीती आधी मनातून काढून टाका. मृत व्यक्तीची मालमत्ता सरकारकडे जाते ती फक्त तिला कायद्याने कोणीही वारस उरला नसेल तेव्हा. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २९ मध्ये तसे स्पष्ट सांगितले आहे. तुम्ही दोघे भावंडे हयात असताना हा प्रश्न उद्भवतच नाही. प्रोबेटसाठी अर्ज केला नाही म्हणून दंड नाही, जप्ती नाही आणि मृत्युपत्रही आपोआप रद्द होत नाही. मृत्युपत्र रद्द करण्याचा अधिकार ते करणाऱ्या व्यक्तीला, तिच्या हयातीत होता. ऑगस्ट २०१४ मध्ये तुमचे वडील गेले त्या क्षणी मृत्युपत्र अमलात आले, आणि त्यानंतर कोणाच्या निष्काळजीपणाने ते निरर्थक ठरण्याची तरतूद कायद्यात नाही.

मग प्रोबेट म्हणजे नेमके काय, आणि भावाच्या बोलण्यात तथ्य किती, ते पाहू. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्राची न्यायालयाने शिक्का मारून दिलेली प्रमाणित प्रत आणि त्यासोबत एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी त्यात नेमलेल्या व्यक्तीला, दिलेला कारभाराचा अधिकार. प्रोबेट देताना न्यायालय एवढेच पाहते की हा कागद त्या व्यक्तीचे शेवटचे मृत्युपत्र आहे का, तिने ते शुद्धीवर असताना आणि स्वेच्छेने केले का, आणि त्यावर कायद्याप्रमाणे दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का. सदनिका वडिलांच्या मालकीची होती की वडिलोपार्जित पैशांतून घेतलेली होती, हा प्रश्न त्या कार्यवाहीत सुटत नाही; तो उपस्थित झाला तर वेगळ्या दाव्यात लढावा लागतो.

मुंबईतील हिंदू कुटुंबांना प्रोबेटची सक्ती कशामुळे होती, हे समजले म्हणजे भावाचा गैरसमज कोठून आला तेही कळेल. १८७० च्या हिंदू मृत्युपत्रांच्या कायद्यापासून बंगाल प्रांताला आणि मद्रास व मुंबई या शहरांना वेगळा नियम लागला, आणि तोच पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात कलम ५७ व २१३ यांच्या रूपाने आला. त्याचा अर्थ असा होता की हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्रात, म्हणजे बृहन्मुंबईत, मृत्युपत्र केले असेल, किंवा बाहेर केले असले तरी त्यात मुंबईतील स्थावर मालमत्ता दिली असेल, तर प्रोबेट मिळाल्याशिवाय एक्झिक्युटरला किंवा लाभार्थ्याला त्या मृत्युपत्रावरचा आपला हक्क कोणत्याही न्यायालयात सिद्ध करता येत नसे. पारशी समाजालाही १९६२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम लागला. मुसलमानांना तो लागू नव्हता, आणि २००२ पासून भारतीय ख्रिश्चनांनाही त्यातून वगळले गेले. पुण्यात केलेल्या आणि पुण्यातील घराविषयी असलेल्या हिंदू मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये क्लॅरेन्स पैस खटल्यात हे पुन्हा स्पष्ट केले. (गोव्याची पद्धत मुळातच निराळी आहे. तेथे वारसांमधली वाटणी इन्व्हेंटरीच्या कार्यवाहीतून होते, म्हणून गोव्यातल्या नातेवाइकांचा सल्ला या बाबतीत आपल्या उपयोगाचा नसतो.)

कलम २१३ मधील ‘न्यायालयात सिद्ध करता येणार नाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ते कलम हक्क काढून घेत नव्हते. न्यायालयात तो मांडण्याचे दार प्रोबेट मिळेपर्यंत बंद ठेवत होते. न्यायालयाबाहेर सगळे वारस एकमताने मृत्युपत्राप्रमाणे वागले तर त्यांना कोणी अडवत नव्हते, आणि मुंबईतल्या कित्येक घरांत तसेच चालत आले आहे. अडचण येते ती वाद झाला की, किंवा बाहेरचा माणूस, म्हणजे खरेदीदार, बँक किंवा विकासक, कागद मागू लागला की.

आता कायदा ‘गेला’ याविषयी. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व दुरुस्ती अधिनियम संमत करून भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम २१३ वगळले. म्हणजे तुम्ही ऐकलेली बातमी खरी आहे, पण ती सांगणारे दोन गोष्टी सांगायच्या विसरतात. पहिली ही की गेली ती सक्ती. प्रोबेट गेले नाही. प्रोबेट व व्यवस्थापनपत्र देण्याची बाकीची सारी कलमे जागेवर आहेत आणि ज्याला हवे त्याला ते आजही मिळते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रोबेट आवश्यक नसलेल्या पुण्यातल्या मृत्युपत्रालाही वाद झाला की साक्षीदाराच्या तोंडून सिद्ध व्हावेच लागते, आणि तोच नियम आता मुंबईच्या मृत्युपत्राला आहे. सक्ती गेल्याने तुमच्या कागदाला आपोआप बळ आलेले नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. वडिलांचा मृत्यू दुरुस्तीपूर्वीचा आहे, आणि आधी घडलेल्या गोष्टींना व आधी प्राप्त झालेल्या हक्कांना बाधा येऊ नये म्हणून अशा कायद्यात असणारे संरक्षक कलम या कायद्यातही आहे. उद्या तुम्ही प्रोबेटविना दिवाणी न्यायालयात गेलात तर तुमचे वकील म्हणतील की अडथळा केवळ कार्यपद्धतीचा होता आणि तो आता उरला नाही; भावाचे वकील या संरक्षक कलमावर बोट ठेवतील. तुमची बाजू मला अधिक भक्कम वाटते. तरीही एका सदनिकेसाठी या मुद्द्यावर पहिली लढाई आपणच लढावी, असे मी कोणाही अशिलाला सांगणार नाही. उच्च न्यायालयात अर्ज केल्यास तो वादच उरत नाही.

विकासक कायदा बदलल्यावरही प्रोबेट का मागतो, हेही यातूनच कळेल. प्रोबेटचा निर्णय केवळ पक्षकारांपुरता नसतो, तो सर्वांवर बंधनकारक असतो. आणि प्रोबेट असलेल्या व्यक्तीशी सद्भावनेने व्यवहार करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळते. विकासकाला तुमच्या घरातल्या भांडणात रस नाही. नवी सदनिका चुकीच्या माणसाला दिली असा दावा उद्या आपल्यावर होऊ नये, एवढेच तो पाहतो, आणि ती त्याची मागणी अवाजवी नाही.

तुमच्या प्रकरणात एक्झिक्युटर हयात नसल्यामुळे शब्दशः ‘प्रोबेट’ तुम्हाला मिळणार नाही, कारण ते मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळते. तुम्ही मागायचे ते ‘मृत्युपत्र जोडलेले लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे वर उल्लेखलेले व्यवस्थापनपत्र. वकील त्याला नुसते एल. ए. म्हणतात. परिणामाच्या दृष्टीने तुम्हाला फरक पडत नाही; लाभार्थी आणि वारस या दोन्ही नात्यांनी तुम्ही अर्ज करू शकता. मृत्युपत्र मुंबईत झाले आणि वडिलांचे वास्तव्यही येथेच होते, म्हणून अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी विभागात जाईल.

अर्जासोबत मूळ मृत्युपत्र दाखल करावे लागते आणि ते न्यायालयाच्या ताब्यात राहते. तेव्हा आधी त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्वच्छ प्रती काढून ठेवा. मात्र मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका, पिना टोचू नका, त्यावर पेन्सिलीचीही खूण करू नका. लॅमिनेशन केलेल्या मृत्युपत्रावरून हस्ताक्षरतज्ज्ञाला शाईचे निरीक्षण करता येईना आणि त्यावरून दोन वर्षे वाद चालला, असे एक प्रकरण मी पाहिले आहे. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे व पत्ते, मालमत्तेची आणि कर्जाची यादी, आणि एका तरी साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र अर्जाला लागते. कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीनुसार लागते, परंतु तिला कमाल मर्यादा आहे. नंतर भावाला सायटेशन, म्हणजे न्यायालयाची सूचना, बजावली जाते. त्याने संमतीचे प्रतिज्ञापत्र दिले तर मामला काही महिन्यांत संपतो. त्याने चौदा दिवसांच्या मुदतीत कॅव्हेट, म्हणजे हरकतीची सूचना, दाखल करून विरोधाचे प्रतिज्ञापत्र दिले, तर अर्जाचे रूपांतर दाव्यात होते, उलटतपासण्या होतात आणि वर्षे लागतात.

बारा वर्षे उलटली, तरी अर्ज करता येईल का? करता येईल, पण येथे सावध राहायला हवे. उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे मृत्यूनंतर तीन वर्षांनी अर्ज केला तर उशिराचे कारण अर्जातच द्यावे लागते. मुदतीच्या कायद्याविषयी मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ च्या वासुदेव दौलतराम सदारंगानी प्रकरणात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या कुंवरजीत सिंग खंडपूर प्रकरणात, जे सांगितले त्याचा मथितार्थ असा : अर्जाला तीन वर्षांची मुदत लागू होते, पण ती मृत्यूच्या दिवसापासून आपोआप सुरू होत नाही, अर्ज करण्याचा हक्क सतत चालू राहतो आणि अर्ज करण्याची गरज जेव्हा निर्माण होते तेव्हा मुदतीचा प्रश्न येतो. मात्र उशीर जितका मोठा तितका संशय मोठा, आणि त्याचे समाधानकारक उत्तर द्यावे लागते.

तुमचे उत्तर सरळ आहे. आई हयात होती, सोसायटीचा दाखला नॉमिनी म्हणून तिच्या नावे झाला, तुम्ही सदनिकेत राहत होता, भाऊ बाग उपभोगत होता, आणि मृत्युपत्राला कोणीही आव्हान दिले नव्हते. म्हणून न्यायालयात जाण्याची वेळ आली नाही. पण भावाने आता हक्क नाकारला आहे. हे त्याने तोंडी सांगितले की पत्राने, आणि कोणत्या तारखेला, याची नोंद करून ठेवा, कारण यापुढे मुदत मोजायची ठरली तर ती त्या दिवसापासून मोजली जाण्याची शक्यता आहे. पुनर्विकासाचा करार होईपर्यंत थांबू, असा विचार करू नका.

आता ज्या कागदावर तुमचे प्रकरण खऱ्या अर्थाने उभे राहील त्याकडे वळतो. बाग २०१५ मध्ये ‘एकट्या भावाच्या’ नावावर झाली, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले असते तर त्यांच्या बागेवर वारस म्हणून आई, भाऊ आणि तुम्ही अशी तिघांची नावे सातबाऱ्यावर लागली असती. एकट्याचे नाव लागण्याला साधारणपणे दोनच कारणे असू शकतात. एक तर तुम्ही आणि आईने आपला हिस्सा सोडला, किंवा भावाने मृत्युपत्राची प्रत तलाठ्याकडे दिली आणि त्या आधारे फेरफार झाला. रत्नागिरीतल्या तलाठ्याने त्या वेळी प्रोबेट मागण्याचा प्रश्न फारसा आला नसणार. खेड्यात अशा नोंदी मृत्युपत्राच्या प्रतीवर होत असतात.

म्हणून सर्वप्रथम सातबाऱ्यावर दिसणारा फेरफाराचा क्रमांक घ्या आणि त्या फेरफाराची, म्हणजे गाव नमुना सहामधील नोंदीची, प्रमाणित प्रत मागवा. तेवढ्यावर थांबू नका. त्या नोंदीमागची कागदपत्रे, म्हणजे भावाचा अर्ज, जोडलेल्या प्रती, तुम्हाला व आईला काढलेली नोटीस आणि नोंदवलेले जबाब, तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेखात मिळतील, तीही मागा. ‘कसल्याशा कागदावर’ केलेली तुमची सही तेथेच सापडेल.

त्या कागदात काय निघते यावर पुढचे सारे बदलते. समजा फेरफार मृत्युपत्रावर झाला आहे. मग ज्या मृत्युपत्राच्या आधारे भावाने बाग घेतली, तेच मृत्युपत्र सदनिकेपुरते नाकारणे त्याला अतिशय जड जाईल, कारण एकाच दस्तऐवजाचा फायदा घ्यायचा आणि त्याचे ओझे नाकारायचे हे न्यायालय सहसा चालू देत नाही. शिवाय २०१५ मध्येच, वाद नसताना, मृत्युपत्र अस्तित्वात होते आणि ते भावाला माहीत होते, हे सरकारी कागदावरून सिद्ध होते. उशिरामुळे निर्माण होणारा मोठ्यात मोठा संशय, म्हणजे हा कागद नंतर बनवला गेला असावा, तेथेच संपतो.

समजा उलट निघाले : तुम्ही आणि आईने वारस म्हणून जबाब देऊन हिस्सा सोडल्याचे लिहिले आहे, आणि त्यात ‘मयताने मृत्युपत्र केलेले नाही’ असे छापील वाक्य आहे. अशी छापील वाक्ये अनेक नमुन्यांत असतात आणि लोक न वाचता सह्या करतात. बँकेत ठेवी आईच्या नावे करतानाही असे काही लिहून दिले होते का, तेही आठवा. हे निघाले तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु ते लपवू नका. अर्जातच त्याचा उल्लेख करून स्पष्टीकरण द्या. भावाच्या वकिलाने उलटतपासणीत तो कागद तुमच्यापुढे ठेवला आणि तुम्ही चकित झालात, तर नुकसान त्या वाक्यापेक्षा तुमच्या चकित होण्याने अधिक होईल.

फेरफार कोणत्याही आधारे झाला असला तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा : फेरफाराने मालकी मिळत नाही. ती महसुलासाठीची नोंद आहे. सोसायटीतील नॉमिनेशनचेही तसेच. आई नॉमिनी होती म्हणून सदनिका तिची झाली नव्हती. वारसांचा किंवा लाभार्थ्यांचा प्रश्न सुटेपर्यंत सोसायटीने कोणाशी व्यवहार करावा, एवढ्यापुरतीच ती व्यवस्था असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे मृत सभासदाचा हिस्सा मृत्युपत्राच्या कागदांवर, उत्तराधिकार प्रमाणपत्रावर, वारस प्रमाणपत्रावर किंवा वारसांनी केलेल्या कौटुंबिक व्यवस्थेच्या दस्तावर वर्ग करता येतो, आणि नॉमिनीला तोपर्यंत तात्पुरता सभासद करतात. त्यामुळे सोसायटी आईच्या मृत्यूनंतर तिच्या वारसांची अर्धी-अर्धी नोंद करू लागली तर मृत्युपत्राची प्रत जोडून लेखी हरकत घ्या आणि पोच घ्या.

मृत्युपत्र सिद्ध झाले नाही तर काय होईल, हेही आकड्यांत पाहा. वडील मृत्युपत्राविना गेले असे धरले तर आई, भाऊ आणि तुम्ही यांना प्रत्येकी एकतृतीयांश हिस्सा. आईही मृत्युपत्राविना गेली असेल तर तिचा तृतीयांश तुम्हा दोघांत अर्धा-अर्धा, म्हणजे प्रत्येकाला एकूण निम्मा. भावाचे ‘अर्धी जागा माझी’ हे गणित येथून येते आणि ते तेवढ्यापुरते बरोबर आहे. पण तेच गणित बागेलाही लागू होते. तुम्ही कायदेशीररीत्या हिस्सा सोडला नसेल तर मृत्युपत्र नाकारणारा भाऊ स्वतःच्या कलमांची अर्धी बाग तुमच्या पदरात टाकतो. हे त्याला कोणी शांतपणे समजावून सांगितले आहे का, याची मला शंका आहे. वकिलाच्या नोटिशीपेक्षा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने फेरफाराची प्रत त्याच्यापुढे ठेवून ही गोष्ट सांगितली, तर संमतीचे प्रतिज्ञापत्र मिळण्याची शक्यता अधिक आहे. दादरच्या सदनिकेची किंमत बागेहून जास्त असेल, हे खरे. म्हणून तो लगेच ऐकेल असे मी म्हणत नाही.

आणि तुम्ही कोणीच काही केले नाही, तर? तुमचे घर आणि ताबा उद्या जाणार नाही. पण विकासकाचा करार तुमच्या एकटीच्या नावे होणार नाही, भाड्याची रक्कम वादात अडकेल, सदनिका विकता किंवा तारण ठेवता येणार नाही, आणि तुमच्यानंतर हा गुंता तुमच्या मुलांकडे जाईल, जेव्हा मृत्युपत्रावर सही होताना पाहिलेला एकही माणूस नसेल. वडिलांच्या एखाद्या ठेवीचा विसर पडला असेल, तर दहा वर्षे दावा न केलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होतात. लोक ज्याला ‘सरकारजमा’ म्हणतात ते बहुधा हेच असते. तेथूनही वारसाला रक्कम परत मिळते, आणि शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे पोर्टल आहे. पूर्वी कागदावर असलेले कंपन्यांचे शेअर्सही तपासा, कारण सात वर्षे लाभांश न घेतल्यास ते गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात.

जो लाभार्थी तुमच्यासारखा ताब्यात नाही, त्याची स्थिती याहून कठीण असते. एक्झिक्युटरकडून मृत्युपत्राने दिलेली रक्कम मागण्याच्या दाव्याला बारा वर्षांची मुदत असते, आणि दुसऱ्या कोणी जागेवर बारा वर्षे उघडपणे मालक म्हणून प्रतिकूल ताबा ठेवला तर ती परत मिळवण्याचा दावाही मुदतबाह्य होऊ शकतो. तुमचा ताबा हा म्हणूनच मोठा आधार आहे. मेंटेनन्सच्या पावत्या, वीजबिले, दुरुस्तीचे खर्च हे २०१४ पासून वर्षवार लावून ठेवा. विकासकाशी बोलताना सदनिका रिकामी करण्यापूर्वी लेखी घ्या की वाद मिटेपर्यंत पर्यायी भाडे तुम्हाला मिळेल किंवा वेगळे ठेवले जाईल आणि नवी सदनिका न्यायालयाच्या निर्णयाच्या अधीन राहील. चावी एकदा दिली की हा आधार गेला.

शेवटी पुण्याच्या शेजारीकाकांविषयी, कारण त्यांच्यावाचून वरचे सगळे लंगडे पडते. मृत्युपत्र नोंदवलेले नाही याची फार चिंता करू नका. नोंदणी असती तरी साक्षीदाराची गरज सुटली नसती. कायद्याप्रमाणे दोन साक्षीदारांपैकी एकाने न्यायालयात सांगितले तरी पुरते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये जानकी नारायण भोईर या खटल्यात स्पष्ट केले आहे की बोलावलेल्या एका साक्षीदाराच्या सांगण्यातून दोघांचेही साक्षांकन सिद्ध झाले पाहिजे. काका नुसते ‘ही माझी सही आहे’ म्हणाले तर भागणार नाही. वडिलांनी सही करताना त्यांनी पाहिले, त्यांनी स्वतः वडिलांसमोर सही केली, आणि डॉक्टरांनीही वडिलांसमोर सही केली, या तिन्ही गोष्टी त्यांना आठवतात का, ते विचारायला हवे. डॉक्टर त्या वेळी खोलीत नसतील आणि नंतर त्यांनी वेगळी सही केली असेल तर त्यात गैर काही नाही, कारण दोन साक्षीदारांनी एकाच वेळी हजर असण्याची अट नाही. पण मग डॉक्टरांची बाजू त्यांच्या पत्नी-मुलांकडून, त्यांच्या हस्ताक्षराच्या जुन्या कागदांवरून, वेगळी सिद्ध करावी लागेल, आणि ते आत्ताच कळलेले बरे.

काकांना भेटायला तुम्ही एकट्या जाऊ नका आणि त्यांना काय बोलायचे हे तुम्ही सांगू नका. तुम्हीच मुख्य लाभार्थी आहात. १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यापासून न्यायालये असे पाहत आली आहेत की लाभार्थ्याचा मृत्युपत्र करण्यात पुढाकार असेल तर संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते, आणि साक्षीदाराला पढवल्याचा नुसता आरोपही त्याच संशयात भर घालतो. मृत्युपत्र कोणी टाइप केले, पैसे कोणी दिले, डॉक्टरांना कोणी बोलावले, याचीही उत्तरे तुम्हाला द्यावी लागतील, म्हणून ती खरी-खरी लिहून काढा. वकिलांनी काकांशी स्वतः बोलावे, ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत प्रतिज्ञापत्रात उतरवावे, आणि त्यांच्या वयाचा डॉक्टरी दाखला जोडून, दावा झालाच तर त्यांची साक्ष पुण्याला त्यांच्या घरी न्यायालयाने नेमलेल्या कमिशनरमार्फत लवकर घ्यावी असा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. फेरफाराची प्रत यायला पंधरा-वीस दिवस लागतील. काकांकडे वकिलांना पाठवायला त्या प्रतीची वाट पाहू नका.